पहाटेचं दूध सगळ्यात शेवटी

*माझी मुलगी २१ महिन्यांची आहे. रात्री दहाला अंगावर पितच झोपते. मग बारा, दीड, तीन, साडेचार, सहा असं उठून पाजायला लावते, नाही दिलं तर घर डोक्यावर घेते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, साडेनऊला निघते, सहाला घरी. दिवसा ती सासूबाईंकडे असते, तिथं नीट जेवत नाही. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सासूबाई म्हणतात, कडुनिंबाचा पाला वाटून लाव नाहीतर आठ दिवस बार्शीला मावशीकडे पाठव, आपोआप सुटेल. मला दिवसाचं दूध इतक्यात तोडायचं नाही, फक्त रात्रीचं. कसं करू? जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाल्यावर सुरू करू की उन्हाळ्याच्या सुट्टीत?*

*— एक आई, जुळे सोलापूर*

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. गड्डा उठला, घरातले पाहुणे गेले, की लगेच सुरू करा. जत्रेच्या दिवसांत मुलं अकरा-बारापर्यंत जागतात, पाळण्यात बसतात, नको ते खातात, तेव्हा काही नवीन लावून उपयोग नाही. आणि उन्हाळा तर मुळीच नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. पोर घामानं भिजून उठतं ते खरोखर तहानेनं उठतं, आणि तहान कुठली अन् सवय कुठली हे तुम्हालाच कळेनासं होतं. त्यात मध्येच लाइट गेली की अख्खं घर गच्चीवर. जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा सोलापुरात या कामाला सगळ्यात बरा काळ. त्यातही ज्या आठवड्यात मिस्टरांची दिवसपाळी आहे, तो आठवडा सुरुवातीला धरा. का ते पुढे येईलच.

आता ती इतक्यांदा का उठते, ते बघू. झोप सलग नसते, तिची आवर्तनं असतात. या वयात साधारण तासा-दीड तासानं मूल अर्धवट जागं होतं, कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. आपणही तसेच उठतो, फक्त सकाळी आठवत नाही. तुमच्या लेकीला झोप लागते ती तोंडात दूध असताना. दीड तासानं ती अर्धवट जागी होते तेव्हा दूध तोंडात नसतं, म्हणून ती पूर्ण जागी होते आणि ते परत मागते. पत्रातल्या वेळा पाहा, प्रत्येक वेळी दीड-दोन तासांचंच अंतर आहे. भुकेलेलं मूल इतकं घड्याळ लावल्यासारखं उठत नाही.

दुसरं कारण तुमची नोकरी. तुम्ही साडेनऊ ते सहा घरात नसता. परतल्यावर स्वयंपाक, भांडी, उद्याचा डबा. लेकीच्या वाट्याला निवांत आई येते ती दिवे मालवल्यावरच. नोकरी करणाऱ्या आयांची मुलं दिवसाचं दूध रात्री वसूल करतात, हे अगदी नेहमीचं आहे. मग रात्रभर पोट भरत राहतं, सकाळी भूक नसते, सासूबाई म्हणतात जेवत नाही, आणि रात्री पुन्हा दूध. तेव्हा रात्रीचं कमी करायच्या आधी तिला दुसरीकडे काहीतरी द्यावं लागेल. सहाला घरात पाय ठेवलात की हातपाय धुवून पहिला अर्धा तास तिचा. कुकर नंतर. मांडीवर घ्या, पोटभर पाजा, फोन बाजूला. सकाळी निघण्याआधीही एकदा बसून पाजा. हे दोन वेळचं पाजणं चालूच राहणार आहे. तुम्हाला दिवसाचं तोडायचं नाही, आणि तोडायची गरजही नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही अंगावर पाजावं, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

संध्याकाळचा हा क्रम पाच-सहा दिवस बसू द्या. तेवढ्यात आणखी दोन गोष्टी जमवा. एक, दुपारची झोप. सासूबाईंकडे ती चार-साडेचारपर्यंत झोपत असेल तर रात्री दहाला डोळे जड कसे होणार? तिला साडेतीनला उठवायला सांगा. या वयात दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप पुरते. दुसरी, आठचं जेवण. ज्वारीची भाकरी गरम वरणात कुस्करून मऊ करा, वर चमचाभर तूप आणि बिनतिखट शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. किंवा मऊ खिचडी-दही. पहिले काही दिवस ती चार घासांवर तोंड फिरवेल. जबरदस्ती करू नका. रात्रीचं दूध कमी होईल तशी भूक उघडते, आधी नाही.

एक तपासणी मात्र आधीच करून घ्या. अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि वजनाची रेघ बघा. ती हिरव्या पट्ट्यात वर चढत असेल तर रात्री दूध न मिळाल्यानं तिचं काही बिघडणार नाही. रेघ आडवी पडली असेल किंवा खाली आली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग हे सुरू करा. ती फिकट दिसते का, माती किंवा भिंतीचे पोपडे खाते का, झोपेत सारखे पाय झाडते का, हेही बघा. नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलांत लोह कमी पडतं आणि लोह कमी असलं की झोपही अस्वस्थ होते. अशा मुलाला कितीही थोपटलं तरी ते उठतच राहतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप सरकारी योजनेतून मिळतं, आशाताईंकडे विचारा.

आता मुख्य काम. बहुतेक घरांत लोक एका रात्रीत सगळं बंद करतात आणि पहाटे चारला हरतात. ते तिथंच हरणार, कारण झोपेचा पहिला भाग गाढ असतो. दिवसभराचा थकवा अंगात असतो, त्यामुळे बारा वाजता मूल उठलं तरी झोप त्याला परत ओढते. पहाटे निम्म्याहून जास्त झोप झालेली असते, उरलेली उथळ असते. त्या वेळी रडणारं मूल खरोखर टक्क जागं होतं आणि तास-तास झोपत नाही. म्हणून सोप्यापासून सुरू करायचं. आधी झोपतानाचं, मग बाराचं, मग दीडचं, आणि पहाटेचं सगळ्यात शेवटी.

पहिला आठवडा फक्त झोपतानाच्या दुधाचा. रात्रीचं बाकी सगळं पाजणं आहे तसंच ठेवा. बदल एवढाच की शेवटचं पाजणं अंथरुणात नाही. साधारण नऊला, बाहेरच्या खोलीत, दिवा चालू, तुम्ही बसून. पोटभर पाजा. मग तोंड धुवा आणि दात घासा. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. दाताला जेवणाचे कण चिकटलेले असताना रात्रभर दूध चालू राहिलं की पुढचे दात किडतात, तो धोकाही यानं कमी होईल. त्यानंतर अंथरुण. गाणं, गोष्ट, थोपटणं, काहीही, पण दूध नाही.

पिता पिता तिचे डोळे मिटायला लागले तर तसंच झोपू देऊ नका. चोखण्याचा वेग मंदावतो, गिळण्याचा आवाज थांबतो, नुसतं ओठांचं थरथरणं उरतं, ती वेळ ओळखा. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा म्हणजे पकड सुटते. नुसतं ओढून काढलंत तर तुम्हाला दुखेल आणि ती चवताळून पुन्हा पकडेल. सुटल्यावर हनुवटीखाली एका बोटानं हलका दाब देऊन तोंड मिटवा, खांद्यावर घ्या आणि मग अंथरुणात ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री रडेल, अर्धा-पाऊण तासही रडेल. सगळ्या रात्रींपैकी इथला आठवडाच खरा कष्टाचा. मात्र रात्री दहाला जी दुधाशिवाय झोपायला शिकते, तिला बारालाही दुधाशिवाय झोपता येतं. उलटं होत नाही.

या आठवड्यात झोपवायला शक्यतो बाबा. दिवसपाळीचा आठवडा मी मुद्दाम म्हणाले तो यासाठी. तुमच्या अंगाला दुधाचा वास असतो. तुम्ही शेजारी असाल आणि देत नसाल, तर तिच्या दृष्टीनं तो अन्याय असतो. बाबांजवळ दूध नाहीच, तिथं भांडण लवकर संपतं. तुम्ही आत थांबा, दार लोटून घ्या. पाच मिनिटांत बाहेर येऊन “द्या इकडं माझ्याकडं” म्हणू नका. तेवढ्यानं बाबांचा सगळा आठवडा वाया जातो. आणि बाबांनाही सांगा, मोबाइलवर व्हिडिओ लावून गप्प करणं या खेळात धरलं जात नाही.

अंथरुणात दुधाशिवाय झोप लागायला लागली, लागोपाठ तीन रात्री फार न रडता झोपली, की पुढं सरका. आता घड्याळाची एक रेघ ठरवा. पहिली रेघ, रात्री एक. एकच्या आधी उठली तर दूध नाही, एकनंतर उठली तर नेहमीसारखं द्या. चार-पाच रात्री असंच. मग रेघ तीनवर न्या. मग साडेचारवर. मग उजाडेपर्यंत. प्रत्येक रेघेवर चार-पाच रात्री. झोपतानाचा आठवडा धरून, पण मिस्टरांच्या रात्रपाळीचे आठवडे सोडून, साधारण चार आठवडे लागतात. घाई केली तर दोन आठवड्यांत होतं, पण तुमच्यासारख्या नोकरदार बाईला एकदम चार रात्री न झोपता काढणं झेपणार नाही आणि दूध दाटण्याचा त्रासही होतो. सुरुवातीच्या तीन रात्री नुसत्या उठण्याच्या वेळा कागदावर मांडून ठेवा, म्हणजे रेघ कुठं ओढायची ते अंदाजानं ठरणार नाही.

रेघेनंतर जे पाजाल ते कितीही वेळ चालू ठेवू नका. सध्या ती किती वेळ पिते ते एका रात्री बघा. पाच मिनिटांहून कमी पीत असेल तर तो नुसता झोपेचा आधार आहे, तिथं एकदम थांबवलं तरी चालतं. दहा-बारा मिनिटं पीत असेल तर दर दुसऱ्या रात्री दोन मिनिटं कमी करा आणि तीच करंगळीची युक्ती वापरा. मिनिटं मोजायला घड्याळाकडे बघायची गरज नाही. मनात शंभरपर्यंत सावकाश अंक म्हटले की साधारण दीड-दोन मिनिटं होतात.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की धरा. तिला रात्री पाजायचं असेल तर पहिल्याच मिनिटाला पाजा. पाजायचं नसेल तर मग अजिबात नाही. लोकांची चूक बहुतेक इथंच होते. चाळीस मिनिटं “नाही नाही” म्हणायचं, ती रडून लाल झाली की जीव कळवळतो, शेजारी काय म्हणतील वाटतं आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला द्यायचं. तिनं यातून काय शिकलं? चाळीस मिनिटं रडलं की मिळतं. दुसऱ्या रात्री ती पन्नास मिनिटं रडेल, आणि तो तिचा हट्ट नव्हे, आपलं शिकवणं. अंगात त्राण नाही, ताप आहे, उद्या ऑफिसात ऑडिट आहे, अशी रात्र असेल तर रेघ विसरून जा आणि लगेच पाजा. एका रात्रीनं काही बिघडत नाही. अर्ध्या रात्री मत बदललं की बिघडतं.

रेघेच्या आधी उठली तर काय करायचं, याचा क्रम दर वेळी तोच ठेवा. आधी अर्धा-एक मिनिट काहीच नाही. हे फार अवघड जातं, कारण बारीक कुरकुर ऐकू आली की आपला हात आपोआप गाऊनकडे जातो. पण पुष्कळदा तो अर्धवट जागेपणा असतो, आपण हात लावला नाही तर कूस बदलून झोपते. आपण उचलतो तेव्हाच ती जागी होते. खरंच उठली तर तळहात पूर्ण वजनानं तिच्या छातीवर किंवा पाठीवर ठेवा आणि सावकाश थोपटा, तुमच्या श्वासाच्या चालीनं. घाईघाईनं थोपटलेलं मुलाला आणखी जागं करतं. त्याच वेळी एकच वाक्य, हळू आवाजात, दर वेळी तेच. “दुदू झोपलं. सूर्य आला की देते.” ऐकलं नाही तर स्टीलच्या छोट्या पेल्यातून दोन घोट पाणी. तरीही नाही तर खांद्यावर घेऊन अंधारातच खोलीत चकरा. दिवा लावायचा नाही. बाटलीनं गाईचं दूध तर नकोच. एक सवय सोडून दुसरी लागते, दातही किडतात, आणि ती सोडवणं याहून अवघड असतं.

खांद्यावरच झोपायची सवय लागेल ही भीती धरू नका. ते काम बाबा करू शकतात, आजी करू शकतात आणि हळूहळू कमी करता येतं. एखाद्या मऊ सुती ओढणीचा तुकडा तिच्या हातात द्या, रोज तोच. जानेवारीच्या थंडीत सोलापुरी चादर घरात असतेच, पण तिच्या कडेच्या दशा तोडून तोंडात घालण्याजोग्या असतील तर ती तिच्या पायांवरच राहू द्या. एक वर्ष ओलांडलेल्या मुलाला जवळ मऊ वस्तू ठेवायला हरकत नसते. तुमच्या अंगावर बंद गळ्याचा, समोर बटणं नसलेला कुर्ता असू द्या. आणि झोपायच्या जागा बदला, बाबा मध्ये, तुम्ही पलीकडे. एकाच गादीवर तिघं असलात तरी चालतं, फक्त शर्टाखाली हात घालण्याइतकी जवळीक नको.

सूर्याचं वाक्य मात्र तिला रात्री पहिल्यांदा ऐकवू नका. २१ महिन्यांच्या मुलीला बोलता येतं त्याहून कितीतरी जास्त कळतं. चार-पाच दिवस आधीपासून दिवसा बाहुलीबरोबर हा खेळ खेळा. बाहुलीला झोपवायचं, “दुदू झोपलं” म्हणायचं, खिडकी उघडून “सूर्य आला” म्हणून बाहुलीला पाजायचं. ती स्वतः बाहुलीला दटावायला लागली की समजा तिला नियम कळलाय. रात्री तरीही ती रडेल. नियम कळणं आणि आवडणं वेगळं. पण तुमच्या कुशीत, तुमच्या हाताखाली रडणं आणि एकटं दुसऱ्या खोलीत रडणं यात फार मोठा फरक आहे. पहिलं रडणं म्हणजे राग असतो. त्याला “हो गं, राग आलाय तुला” म्हणून ऐकून घ्या, थांबवायची धडपड करू नका. दुसरी किंवा तिसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट निघाली तर दचकू नका, मोडू घातलेली सवय जायच्या आधी एकदा जोर करते. पण चार रात्री होऊनही रडणं कमी होत नसेल, दिवसाही ती तुम्हाला सोडत नसेल, खाणं थांबलं असेल, रडून उलट्या होत असतील, तर रेघ एक पायरी मागं न्या आणि आठवडाभर तिथंच थांबा. दाढा येत असतील, कान दुखत असेल, ताप असेल तर सगळं बंद. बरी झाल्यावर दोन दिवसांनी जिथं होतात तिथून पुन्हा.

आता कडुनिंब. सासूबाईंच्या पिढीत हा घरोघरचा उपाय होता, त्या वाईट बोलत नाहीत. पण त्यानं मूल रात्रीचंच नव्हे, सगळंच दूध सोडतं, कारण कडू चव दिवस-रात्र बघत नाही. तुम्हाला दिवसाचं हवं आहे. शिवाय आईच्या अंगाला आज गोड, उद्या कडू लागतं तेव्हा पोर बावचळतं, आणि दोन-चार दिवसांत चवीला सरावली तर पुन्हा पिते. पाल्याऐवजी कुणी कडुनिंबाचं तेल सुचवलं तर ठाम नाही म्हणा. ते लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येण्याइतकी विषबाधा होते. मिरची किंवा बाम लावण्याबद्दल तर बोलायलाच नको. आणि बार्शीला पाठवणं म्हणजे दूधही गेलं, आईही गेली, एकाच दिवशी. तिकडे मूल झोपतं खरं, पण परत आल्यावर रात्री दुप्पट चिकटतं. इकडे तुमचं दूध एकदम थांबल्यानं छाती दगडासारखी होते. सासूबाईंना हे मुद्दे पटवायला बसू नका. त्यांना काम द्या. दुपारची झोप साडेतीनला संपवणं, आठला शेजारी बसून जेवू घालणं, नऊनंतर गोष्ट सांगणं, हे त्यांच्याइतकं कुणालाच जमणार नाही. आणि सगळ्या घराला, खालच्या मजल्यालाही आधीच सांगून ठेवा की दोन-तीन आठवडे रात्री रडारड होईल. नाहीतर पहिल्याच रात्री सासरे दार वाजवतील आणि तुम्ही घाईनं पदर सारून मोकळ्या व्हाल.

तुमच्या स्वतःच्या अंगाकडे लक्ष ठेवा. पहिल्या आठवड्यात फारसं जाणवणार नाही, पण रेघ तीनवर आली की पहाटे छाती भरून येईल. तेव्हा हातानं थोडं दूध काढा, दाटपणा उतरेल इतकंच. पूर्ण रिकामं केलं तर शरीर तितकंच पुन्हा बनवतं. गार ओलं फडकं ठेवा. कापडानं घट्ट आवळून बांधू नका, त्यानं गाठी धरतात. एका जागी लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हा पाजणं थांबवायचं नसतं, उलट दूध वाहतं ठेवायचं असतं, आणि बाळाला त्याचा धोका नसतो. दूध सुकवायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणू नका.

पाळी अजून सुरू झाली नसेल तर ती या काळात येऊ शकते. रात्रीचं पाजणं स्त्रीबीज बाहेर पडणं रोखून धरत असतं, ते कमी झालं की तो बांध सुटतो. पहिली पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. अंगावर पाजणं हे गर्भनिरोधक म्हणून फक्त पहिल्या सहा महिन्यांतच, तेही पाळी आली नसेल आणि बाळाला दुसरं काही दिलं जात नसेल तरच, धरता येतं. पुढच्या बाळाचा विचार नसेल तर आत्ताच साधन ठरवा, रेघ तीनवर जायच्या आधी.

सकाळी सहाचं पाजणं ठेवलंत तरी चालेल. बहुतेक आया ते महिनोन्महिने ठेवतात आणि मीही ते तोडा म्हणणार नाही. फक्त तेही बसून, खिडकी उघडून, उजेडात. अंथरुणात पडून पाजलंत तर सहाचं साडेपाच होतं, साडेपाचचं पाच होतं, आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा साडेचारवर असता. थंडीत सोलापुरात सातपर्यंत नीट उजाडत नाही, तोवर “सूर्य आला नाही अजून” हे वाक्य तुमच्या बाजूचं आहे. मार्चनंतर उजेड लवकर यायला लागेल, तेव्हा खिडकीला जाड पडदा लावा. आणि मिस्टरांची रात्रपाळी आली की त्या आठवड्यात नवी रेघ ओढू नका, आहे तीच सांभाळा.